धरण कुठे तडकलं आणि कुठे नाही

11 डिसेंबर 1967, पहाटे 4 वाजून 21 मिनिटं. कोयना धरणाच्या पोटातल्या गॅलरीत, 1-ए या ब्लॉकमध्ये, जमिनीचा हादरा मोजणारं एक यंत्र बसवलेलं होतं. भूकंप झाला तेव्हा ते चालू होतं आणि त्याने तिन्ही दिशांचा प्रवेग टिपून ठेवला. धरणाच्या लांबीच्या दिशेने 0.63 जी, लांबीला काटकोनात म्हणजे नदीच्या दिशेने 0.49 जी, आणि उभ्या दिशेने 0.34 जी. जी म्हणजे गुरुत्वाचा प्रवेग. उंच इमारतीच्या लिफ्टमध्ये सुरुवातीला जो हलकासा झटका बसतो, त्याच्या कितीतरी पट मोठा आणि सेकंदात अनेक वेळा उलटसुलट बसणारा हा झटका होता.

त्याच पहाटे धरणानेही स्वतःच्या अंगावर एक नोंद करून ठेवली. सांडव्याच्या दोन्ही बाजूंच्या उंच ब्लॉकांवर आडवे तडे गेले. ते वाटेल तिथे गेले नाहीत. धरणाची मागची, म्हणजे पाण्याच्या विरुद्ध बाजूची भिंत वरून जवळजवळ सरळ खाली येते आणि एका ठिकाणी अचानक तिरकी होऊन पायाकडे पसरत जाते. तडे त्या मोडाच्या आसपास गेले. पायापासून ही जागा साधारण 66.5 मीटर उंचीवर आहे. मधला सांडव्याचा भाग मात्र या दुखापतीतून सुटला.

या दोन नोंदी एकाच ठिकाणी मिळाव्यात, याचं मला कधीही न संपणारं आश्चर्य वाटतं. मोठ्या धरणाला जोरदार भूकंपाने दुखापत होणं जगात फार कमी वेळा घडलं आहे. त्यातही धक्का नेमका किती होता याची नोंद धरणातच व्हावी आणि दुखापत कुठे झाली हेही डोळ्यांना दिसावं, असं उदाहरण तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकं. म्हणून पाटण तालुक्यातलं हे धरण जगभरच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरांच्या अभ्यासात जाऊन बसलं. अबॅकस या सॉफ्टवेअरच्या नमुना उदाहरणांच्या पुस्तकात काँक्रीटच्या धरणाचं भूकंपीय गणित शिकवायला घेतलं आहे ते कोयनेचंच. ज्यांनी हेळवाक पाहिलेलं नाही, कोयनेचं पाणी पाहिलेलं नाही, अशी कितीतरी मुलं आपल्या स्क्रीनवर कोयनेच्या भिंतीचा छेद काढत असतात.

एम.टेक.च्या डिझर्टेशनचा व्हायवा कसा मांडावा हे समजून घ्यायला मला याहून चांगलं उदाहरण सुचत नाही. कारण इथे समोर बसलेल्या एक्स्टर्नलच्या हातात उत्तर आधीच आहे. धरण कुठे तडकलं हे त्यांना माहीत आहे. मग विद्यार्थ्याने वीस मिनिटांत काय दाखवायचं?

समजा, कराड-सांगलीच्या पट्ट्यातल्या एखाद्या कॉलेजात एक मुलगी एम.टेक.च्या शेवटच्या सत्रात आहे. विषय ठरला आहे: कोयना धरणाचं भूकंपीय विश्लेषण. काम झालं आहे, प्रबंध गाइडच्या सहीपर्यंत आला आहे, आणि आता पीपीटी करायची आहे. बहुतेक जण प्रबंधाची अनुक्रमणिका उघडतात आणि प्रत्येक प्रकरणाच्या तीन-चार स्लाइड करतात. पूर्वीच्या संशोधनाचा आढावा पाच स्लाइड, सॉफ्टवेअरची ओळख दोन, पदार्थांचे गुणधर्म दोन, मग रंगीत चित्रांची रांग, आणि शेवटी घाईघाईने निष्कर्ष. या मांडणीत अडचण अशी की ऐकणाऱ्याला शेवटपर्यंत कळत नाही की रंगीत चित्रात नेमकं काय शोधायचं आहे. लाल रंग दिसला की चांगलं, की वाईट?

म्हणून सगळ्यात आधी करायची ती स्लाइड प्रश्नांची. आणि इथेच पहिली खरी मेहनत आहे, कारण ‘कोयना धरणाचं भूकंपीय विश्लेषण’ हा प्रश्नच नाही. तो कामाचा प्रकार झाला. संशोधनाचा प्रश्न तोच, ज्याला ‘नाही’ असं उत्तर येऊ शकतं आणि तसं उत्तर आलं तर ते आपल्याला ओळखता येतं. कोयनेच्या बाबतीत असे प्रश्न धरणच सुचवतं.

पहिला प्रश्न: 1967 ची नोंद मॉडेलला दिली, तर उंच ब्लॉकमध्ये तडा 66.5 मीटरच्या मोडापाशी सुरू होतो का?

दुसरा प्रश्न: हीच पद्धत, हेच गुणधर्म आणि हाच धक्का सांडव्याच्या छेदाला दिला, तर तो शाबूत राहतो का?

तिसरा प्रश्न: मागच्या भिंतीचा तो मोड काढून टाकून नेहमीच्या आकाराचा छेद घेतला, तर धरण वाचलं असतं का?

या तिन्हींत मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो दुसरा, आणि नेमका तोच बहुतेक सादरीकरणांत नसतो. मॉडेलने तडा दाखवला यात फार मोठं काही सिद्ध होत नाही. काँक्रीट जरा कमकुवत धरलं तर कोणतंही मॉडेल तडा दाखवेल. पण ज्या मॉडेलने उंच ब्लॉक तडकवला, त्याच मॉडेलने सांडवा न तडकवता सोडला, तर त्या पद्धतीत काही दम आहे असं म्हणता येतं. कोयनेने आपल्याला दुखापत झालेला रुग्ण आणि न झालेला रुग्ण दोन्ही एकाच भिंतीत दिले आहेत. ही संधी सोडणं म्हणजे अर्धा पुरावा घरी ठेवून व्हायवाला जाणं.

एक मोह इथेच आवरायला हवा. कोयना म्हटलं की धरणामुळे भूकंप झाला का, हा प्रश्न मनात येतोच. शिवाजीसागर जलाशय भरायला लागल्यानंतर या भागात धक्के वाढले आणि त्यावर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेत हर्ष गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दशकानुदशकं काम केलं. ते वाचताना मन थक्क होतं. पण तो प्रश्न जमिनीखालच्या खडकांचा आहे, आणि या मुलीचा प्रबंध जमिनीवरच्या भिंतीचा. पार्श्वभूमीच्या स्लाइडवर त्याला एक ओळ पुरे. चार स्लाइड दिल्या तर एक्स्टर्नल त्यावरच प्रश्न विचारतील, आणि त्यांची उत्तरं तिच्या कामात नाहीत.

पार्श्वभूमीत खरं तर दोनच गोष्टी हव्यात. एक म्हणजे धरणाचा हा आकार असा का झाला. सुरुवातीला धरण दोन टप्प्यांत उंच करायचं ठरलं होतं. बांधकाम चालू असतानाच ते एकदम पूर्ण उंचीचं करायचा निर्णय झाला. पायाकडचा भाग तोवर झालेला होता, त्यामुळे वरचा भाग जाड ठेवून भिंत उभी करावी लागली आणि छेद डोक्याकडे जड झाला. मागच्या भिंतीतला तो अचानक मोड हा या निर्णयाचा ठसा आहे. तिसरा प्रश्न कुठून आला हे यातून ऐकणाऱ्याला आपोआप कळतं. दुसरी गोष्ट म्हणजे धरणाच्या आराखड्यात धरलेला भूकंपीय गुणांक 0.05 होता. इथे ‘0.05 धरलं आणि 0.49 आलं’ असं एका दमात लिहायचा मोह होतो. तसं लिहू नये. आराखड्यातला गुणांक हे स्थिर बल मानून केलेल्या हिशेबातलं माप आहे, आणि 0.49 जी हा क्षणभर टिकलेला शिखर-प्रवेग. दोन्ही आकडे एका स्लाइडवर असू द्यावेत, पण त्यांच्यात भागाकार करू नये. जाणत्या परीक्षकाची नजर पहिली तिथेच जाते.

तारखेचंही एक लहानसं काम आहे. आपल्याकडे 11 डिसेंबर म्हणतात, आंतरराष्ट्रीय नोंदींत 10 डिसेंबर असतं, कारण तिथली वेळ साडेपाच तास मागे असते आणि त्या वेळेप्रमाणे रात्रीचे 10 वाजून 51 मिनिटं झाली होती. भूकंपाची तीव्रताही कुठे 6.3 तर कुठे 6.5 लिहिलेली सापडते. स्लाइडवर एक आणि प्रबंधात दुसरंच असं झालं की बोलण्याआधीच विश्वास उणावतो.

आता पद्धत. हा भाग सांगताना सॉफ्टवेअरचं नाव पुढे येतं आणि विचार मागे पडतो. पद्धतीच्या स्लाइडवर खरं तर एकच चित्र मध्यभागी हवं: उंच ब्लॉकचा छेद. उंची 103 मीटर, पायाशी रुंदी सुमारे 70 मीटर, माथ्याशी 14.8 मीटर, मोड 66.5 मीटरवर, पाण्याची पातळी 91.75 मीटर. हे पाच आकडे चित्रावरच लिहिले की पुढची सगळी चर्चा त्या चित्रावर बोट ठेवून करता येते.

त्यानंतर भार कोणत्या क्रमाने लावले ते. आधी धरणाचं स्वतःचं वजन, मग पाण्याचा स्थिर दाब, आणि या दोन्हींनी वाकलेल्या, दबलेल्या भिंतीला मग भूकंप. हा क्रम सांगायलाच हवा, कारण तडा ताणाने जातो आणि वजनाने आधीच आलेला दाब त्या ताणाच्या आड उभा असतो. भूकंपाच्या ताणाला आधी हा दाब संपवावा लागतो, मगच काँक्रीट फाटायला लागतं.

पाण्याचं काय केलं, हा पद्धतीतला सगळ्यात सुंदर भाग. धरण हलतं तेव्हा त्याच्या अंगाला टेकलेलं पाणीही त्याच्याबरोबर ढकललं जातं. वेस्टरगार्ड यांनी 1933 मध्ये दाखवलं की हा परिणाम भिंतीला जादा वस्तुमान चिकटवल्यासारखा धरता येतो. त्यांचं सूत्र एका ओळीचं आहे:

```
m = (7/8) × ρ × √(h × d)
```

इथे h म्हणजे पाण्याची एकूण खोली, d म्हणजे पृष्ठभागापासून त्या जागेची खोली, आणि ρ पाण्याची घनता. कोयनेसाठी करून पाहा. मोडाच्या पातळीला पाण्याची खोली 91.75 वजा 66.5, म्हणजे 25.25 मीटर. 91.75 आणि 25.25 यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ सुमारे 48. त्याला सात अष्टमांशाने आणि 1000 ने गुणलं की दर चौरस मीटरला सुमारे 42 टन. म्हणजे त्या पातळीला भिंतीच्या प्रत्येक चौरस मीटरवर जणू 42 टनांचं ओझं चिकटलेलं आहे आणि ते भिंतीबरोबर पुढेमागे झुलतंय. पायाशी हाच आकडा 80 टनांवर जातो. हा हिशेब स्लाइडवर हातानं करून दाखवावा. पाणी नुसतं दाबत नाही, तर हलतानाही वजनदार असतं, हे समोरच्याला एका मिनिटात कळतं, आणि मुलीला आपल्या सॉफ्टवेअरच्या आत काय चाललंय हे माहीत आहे हेही.

मग येते मॉडेलची तपासणी. सॉफ्टवेअरने आखलेलं धरण खऱ्या धरणासारखं झुलतं का? उंच ब्लॉकची पहिली नैसर्गिक वारंवारता सुमारे 3 हर्ट्झ येते, म्हणजे भिंत सेकंदाला साधारण तीनदा पुढेमागे होते. अनिल चोप्रा आणि पी. चक्रबर्ती यांनी बर्कलेत 1970 च्या दशकात केलेल्या गणितातही जवळजवळ हेच उत्तर आहे. आपलं उत्तर याच्या जवळ आलं नाही तर पुढचं काहीच दाखवू नये, आधी चूक शोधावी. बहुतेक वेळा ती वस्तुमानाच्या एककात सापडते.

जाळी किती बारीक घेतली हेही इथेच. पुष्कळ जण ‘जाळीचा परिणाम’ हा संशोधनाचा चौथा प्रश्न म्हणून लावतात. मला ते पटत नाही. जाळीचा प्रश्न धरणाबद्दल काही सांगत नाही, तो आपल्या हत्याराबद्दल सांगतो. म्हणून त्याची जागा पद्धतीत. पण तो गाळताही येत नाही, कारण इथे एक खरी खोच आहे. काँक्रीट तडकायला लागलं की त्याची ताकद हळूहळू उतरत जाते. ही उतरण विकृतीच्या मापाने दिली, तर जाळी जितकी बारीक करावी तितकी तडा जायला लागणारी ऊर्जा कमी होत जाते, आणि तडा अधिकाधिक सहज जातो. उत्तर जाळीवर लोंबकळतं. तीच उतरण तडा उघडण्याच्या अंतराने, म्हणजे भंग-ऊर्जेच्या मापाने दिली, की हा दोष बराच आटोक्यात येतो. ओळखायची खूण सोपी आहे: जाळी निम्मी करून तेच गणित पुन्हा चालवायचं. तडा त्याच जागी सुरू झाला आणि साधारण त्याच वाटेने गेला, तर ठीक. तो जाळीच्या रेषांच्या मागे मागे जाऊ लागला, तर तो तडा धरणाचा नाही, जाळीचा आहे. दोन जाळ्यांची दोन चित्रं शेजारी ठेवली की एक स्लाइड पुरते.

निकालांकडे येताना पीपीटीचा कणा दिसायला हवा. प्रत्येक निकालाच्या स्लाइडच्या माथ्यावर त्या प्रश्नाचा क्रमांक आणि एका पूर्ण वाक्यातलं उत्तर. ‘तणावाचा आराखडा’ हे मथळ्याचं वाक्य नव्हे. ‘प्रश्न 1: तडा मागच्या भिंतीवर, मोडापाशी सुरू होतो’ हे वाक्य आहे. त्याखाली चित्र. म्हणजे मागच्या बाकावरच्या माणसालाही कळतं की लाल रंग कुठे शोधायचा.

पहिल्या प्रश्नाच्या चित्रात घडतं ते पाहण्यासारखं आहे. सुरुवातीचे काही सेकंद भिंत नुसती झुलते. मग एका झोक्यात धरण पाण्याच्या बाजूला कलतं. कललं की मागची भिंत ताणली जाते, आणि मोडापाशी तो ताण सगळ्यात जास्त साचतो. काँक्रीटची ताणशक्ती, अशा गणितांत सहसा धरतात ती सुमारे 2.9 मेगापास्कल, इथे ओलांडली जाते आणि फाटणं सुरू होतं. पुढच्या झोक्यांत तडा भिंतीच्या आत, पुढच्या बाजूकडे उतरत जातो. हे एका चित्रात दाखवता येत नाही. तीन क्षण निवडावेत: सुरुवातीचा, अर्ध्या वाटेवरचा, शेवटचा. आणि शेजारी खऱ्या धरणावर दिसलेल्या तड्यांचं रेखाचित्र, त्याच मापात, त्याच बाजूला तोंड करून. मॉडेलमध्ये पाणी डावीकडे आणि रेखाचित्रात उजवीकडे, असं झालं की तुलना डोळ्यांदेखत विरून जाते. ही चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे की पीपीटी तपासताना मी आधी पाणी कुठल्या बाजूला आहे तेच बघतो.

आता एक न मागितलेला निकाल. जवळजवळ प्रत्येक अशा मॉडेलमध्ये आणखी एका ठिकाणी लाल रंग उमटतो: पुढच्या बाजूला, अगदी पायाशी, जिथे भिंत खडकाला मिळते. हा तडा पहिल्या प्रश्नाला नको असतो. तो चित्र कापून लपवता येतो, आणि काही जण लपवतातही. तसं कदापि करू नये. तो निकालाच्या स्लाइडवर ठळक ठेवावा आणि सांगावं की पाया अगदी न हलणारा धरल्यामुळे त्या टोकदार कोपऱ्यात ताण फुगतो. खरा खडक थोडा दबतो, थोडी ऊर्जा ओढून घेतो. शिवाय ती जागा पाण्याखाली आणि दगडात आहे. मागच्या भिंतीवरचा तडा जसा बघता येतो, तसा हा ताडून पाहता येत नाही. हा एक लाल ठिपका परीक्षकाला मुलीबद्दल जितकं सांगतो, तितकं बाकीची दहा चित्रं मिळून सांगत नाहीत.

दुसऱ्या प्रश्नाची स्लाइड दिसायला सगळ्यात रिकामी असते. सांडव्याच्या छेदावर मोडासारखी जागा नाही आणि माथ्याकडचं जड डोकंही नाही. मॉडेलमध्ये तिथे वरच्या भागात तडा जात नसेल, तर चित्र जवळजवळ एका रंगाचं असतं. म्हणून विद्यार्थ्यांना ते दाखवण्यासारखं वाटत नाही. मी तर म्हणेन की ही स्लाइड उंच ब्लॉकच्या शेजारी, त्याच रंगपट्टीत, तितक्याच मोठ्या आकारात लावावी. एक लाल, एक निळं. पूर्ण सादरीकरणात याहून जास्त बोलणारी स्लाइड नाही. चोप्रा आणि चक्रबर्ती यांनीही उंच ब्लॉक आणि सांडवा दोन्हींचं गणित केलं होतं, आणि सांडव्याला अशी दुखापत अपेक्षित नाही असंच त्यांना आढळलं.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र सरळ येत नाही, आणि म्हणूनच ते मला आवडतं. मोड काढून छेद नेहमीच्या आकाराचा केला की त्या पातळीचा ताण उतरतो, हे कुणालाही अपेक्षित आहे. मग सगळा दोष त्या बदललेल्या निर्णयाचा, असं म्हणायला मन धावतं. पण 1973 मध्ये चोप्रा आणि चक्रबर्ती यांनी आपल्या लेखात याच्या पुढचं म्हटलं: कोयनेचा आकार वेगळा असला, तरी इतक्या जोराच्या भूकंपात नेहमीच्या आकाराच्या धरणालाही लक्षणीय दुखापत होऊ शकते. म्हणजे आकाराने जागा ठरवली. दुखापतीचं कारण केवळ आकार नव्हे. तिसऱ्या प्रश्नाच्या स्लाइडवर म्हणून ‘होय’ किंवा ‘नाही’ असं एका शब्दात लिहू नये. दोन छेदांत मोडाच्या पातळीला आलेला कमाल ताण आणि ताणशक्ती, असे तीन आकडे शेजारी लिहावेत आणि ऐकणाऱ्याला बघू द्यावं की ताण उतरला तरी तो रेषेच्या खाली आला की नाही.

यानंतर मर्यादा. इथे जवळजवळ सगळी सादरीकरणं ढिली पडतात. शेवटून दुसरी स्लाइड, पाच ओळी: द्विमितीय मॉडेल, दृढ पाया, एकजिनसी काँक्रीट, पाणी न दबणारं, एकच भूकंप. प्रत्येक ओळ खरी, आणि एकही ओळ काही सांगत नाही. मर्यादेची ओळ पूर्ण होते ती ती कोणत्या प्रश्नाचं उत्तर हलवते आणि किती, हे लिहिल्यावर.

द्विमितीय मॉडेलच घ्या. आपण धरणाचा एक काप घेतला आणि त्याला नदीच्या दिशेचा 0.49 जी आणि उभा 0.34 जी असे दोन धक्के दिले. तिसऱ्या धक्क्याला या कापात जागाच नाही. आणि तो तिसरा, लांबीच्या दिशेचा, तिन्हींत सगळ्यात मोठा होता, 0.63 जी! ज्या नोंदीच्या जोरावर आपण हा अभ्यास केला, तिचाच सर्वात मोठा आकडा आपण बाजूला ठेवला आहे. याचं समर्थन होऊ शकतं: लांबीच्या दिशेने ब्लॉक एकमेकांना टेकून उभे आहेत, आणि वाकून तडकण्याचा धोका प्रामुख्याने नदीच्या दिशेचा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यामुळे फारसं हलत नाही असं म्हणता येईल. पण दोन ब्लॉकांमधल्या सांध्यांचं काय झालं असेल, यावर हा प्रबंध एक अक्षरही बोलू शकत नाही. हे विद्यार्थिनीने स्वतः, कुणी विचारण्याआधी म्हणावं.

नोंद कुठे झाली, ही दुसरी. यंत्र गॅलरीत, 1-ए या टोकाकडच्या ब्लॉकमध्ये होतं. उंच ब्लॉकच्या पायाखालचा खडक तसाच हलला असं आपण गृहीत धरतो. यंत्राने टिपलेल्या हालचालीत त्या ब्लॉकचं स्वतःचं झुलणंही मिसळलेलं असू शकतं. यामुळे तडा कुठे गेला याच्यापेक्षा तो कोणत्या क्षणी गेला आणि किती खोल गेला, ही उत्तरं जास्त डळमळतात. म्हणून त्या उत्तरांवर निष्कर्षात जोर देऊ नये.

आणि तिसरी, जी मला सगळ्यात कठीण वाटते. धरण रबल काँक्रीटचं आहे, म्हणजे काँक्रीटमध्ये मोठमोठे दगड बसवून उभं केलेलं. त्याची ताणशक्ती सगळीकडे 2.9 मेगापास्कल असेल असं मानायला फारसा आधार नाही. आणि हा आकडा घेतला की मॉडेल खऱ्या धरणासारखं तडकतं, हे आता सगळ्यांना माहीत आहे. मग एक्स्टर्नल विचारणारच: ‘उत्तर माहीत असल्यामुळे तुम्ही हा आकडा घेतलात का?’ या प्रश्नाला शब्दांनी उत्तर देता येत नाही. त्यासाठी मुख्य पीपीटीच्या मागे ठेवलेली एक राखीव स्लाइड लागते, जिच्यात ताणशक्ती थोडी कमी आणि थोडी जास्त घेऊन तेच गणित चालवलेलं आहे. तिन्ही वेळा तडा मोडापाशीच सुरू झाला, तर जागेचं उत्तर या आकड्यावर अवलंबून नाही. आकडा वाढवल्यावर तडा अर्ध्यात थांबला, तर खोलीचं उत्तर अवलंबून आहे. आणि आकडा कमी केल्यावर सांडवाही तडकला, तर दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर किती नाजूक होतं ते कळलं. अशा राखीव स्लाइड पाच-सहाच असाव्यात, प्रत्येक एका संभाव्य प्रश्नासाठी, आणि कोणती कितव्या क्रमांकावर आहे ते बोलणाऱ्याला पाठ असावं.

वेळेचं म्हणाल, तर वीस मिनिटांत चौदा-पंधरा स्लाइडांपेक्षा जास्त नीट बोलता येत नाही. पार्श्वभूमीला दोन, प्रश्नांना एक, पद्धतीला तीन-चार, निकालांना पाच, मर्यादांना दोन, आणि निष्कर्षाला एक. निष्कर्षाच्या स्लाइडवर तेच तीन प्रश्न, त्याच शब्दांत, आणि प्रत्येकासमोर उत्तर व त्याला लागलेली अट. कोणताही नवा आकडा तिथे प्रथमच येऊ नये.

मर्यादांच्या यादीत शेवटी एक ओळ अशी आहे की ती बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. 1967 नंतर तड्यांत इपॉक्सी भरली गेली, पोलादी केबल ताणून बसवल्या गेल्या, आणि पुढच्या काही वर्षांत उंच ब्लॉकांच्या मागच्या भिंतीला काँक्रीटचे भक्कम टेकू उभे केले गेले. स्क्रीनवर जो छेद आहे, जो जगभरच्या प्रबंधांत आहे, तो भूकंपाच्या आधीच्या धरणाचा आहे. आज कोयनानगरला जाऊन मागच्या बाजूने पाहिलं तर तो आकार तसा दिसत नाही. त्यामुळे व्हायवाच्या शेवटी कुणीतरी हमखास विचारतं, ‘मग आजचं धरण सुरक्षित आहे का?’, तेव्हा तिचं उत्तर तयार हवं: या प्रबंधातल्या छेदात ते टेकू नाहीत, म्हणून या गणितावरून आजच्या धरणाबद्दल काहीच म्हणता येत नाही. त्यासाठी आजचा छेद, टेकू आणि जुन्या काँक्रीटमधला सांधा, आणि 0.63 जी धरणारं त्रिमितीय मॉडेल लागेल.